गाईड मॅडमना पत्र : विषय एका ओळीत, वेळापत्रक शेवटाकडून

एम.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष सुरू होऊन तीन-चार महिने झाले की कॉलेजात एकच चर्चा असते, गाईड कोण मिळणार? डिझर्टेशनसाठी ज्या मॅडम हव्यात त्यांना विनंतीचं पत्र द्यायचं असतं. बरेच विद्यार्थी ते पत्र अर्ध्या तासात लिहून मोकळे होतात. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी द्यावी’ एवढंच त्यात असतं. पण पुढच्या दीड वर्षाचा घोळ याच कागदावरून सुरू होतो किंवा टळतो.

विद्यापीठ राज्यागणिक बदलतं. बेळगावकडच्या बहुतेक कॉलेजांना बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तर कोल्हापूर-चंदगडकडच्यांना नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पण अभ्यासक्रमाचा सांगाडा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा, तो सगळीकडे सारखाच. त्यात संशोधनाचा प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर आणि तयार प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यावा, असं वेळापत्रक आहे. विद्यापीठ आपली नेमकी तारीख परिपत्रकाने कळवतं, ती आधी ऑफिसात बघून घ्यावी.

गाईडबाबतही कौन्सिलचे नियम आहेत. गाईड त्याच विषयशाखेच्या हव्यात आणि पदव्युत्तर वर्गाला शिकवण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. एका गाईडकडे जास्तीत जास्त चार विद्यार्थी, आणि को-गाईड म्हणून घेतलेलेही त्या चारांतच मोजायचे. म्हणजे मॅडम सिनिअर लेक्चरर आहेत, शिकवतात छान, एवढ्यावर भागत नाही. शाखा, अनुभव आणि शिल्लक जागा या तीन गोष्टी पत्राआधी विचारायला हव्यात. काही कॉलेजांत गाईड प्राचार्य किंवा रिसर्च कमिटी ठरवते. तिथं हे पत्र पसंतीपत्र म्हणून प्राचार्यांमार्फत जातं, मजकूर मात्र तोच लागतो.

आता उदाहरण घेऊ. समजा, खानापूरकडची एक विद्यार्थिनी बेळगावात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग करते. वर्ग ऑक्टोबरात सुरू झाले. जानेवारीत तिनं पहिला खर्डा लिहिला : ‘मला मधुमेह व जनजागृती या विषयावर काम करायचं आहे. एका महिन्यात माहिती गोळा करून प्रबंध वेळेत पूर्ण करीन.’

मॅडमनी हे वाचून काय समजायचं? मधुमेहात डोळे येतात, किडनी येते, आहार येतो, इन्शुलिन येतं. जागृती कुणाची, रुग्णांची की नर्सेसची? कुठे मोजणार, कशाने मोजणार? एका ओळीच्या विषयात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत : काय मोजायचं, कुणात, कुठे आणि कोणत्या पद्धतीने. वॉर्डात पायाच्या जखमा घेऊन येणारे मधुमेही तिनं पाहिले होते. म्हणून विषय असा आवळला : ‘मधुमेह ओपीडीत येणाऱ्या प्रौढ रुग्णांना पायांच्या काळजीची किती माहिती आहे आणि त्यातलं ते प्रत्यक्षात किती पाळतात, याचा वर्णनात्मक अभ्यास.’ यात उपचार बदलायचा नाही, नवा कार्यक्रम राबवायचा नाही. एकदा भेटायचं, प्रश्न विचारायचे, पाय बघायचे. एका विद्यार्थिनीला झेपेल असं हे काम आहे.

पुढचा प्रश्न ‘एका महिन्यात’ या शब्दांचा. नमुना किती घ्यायचा याचं साधं सूत्र संशोधनाच्या तासाला शिकवलेलं असतं. रुग्णांपैकी किती टक्के लोक पायांची नीट काळजी घेतात हे आधी माहीत नसेल तर 50 टक्के धरतात आणि 10 टक्क्यांची चूक चालेल असं मानतात. मग 4 × 50 × 50 भागिले 10 × 10, म्हणजे 100 रुग्ण. काही जण मध्येच उठून जातात म्हणून 105 धरले. ओपीडी आठवड्यात दोन दिवस. एका रुग्णाला समजावणं, सही घेणं, प्रश्न विचारणं आणि पाय बघणं यात पाऊण तास जातो, म्हणजे दिवसाला पाच. आठवड्याला दहा धरले तर 105 रुग्णांना जवळजवळ 11 आठवडे लागतात. दिवाळी, संक्रांत आणि स्वतःची क्लिनिकल पोस्टिंग धरून 14. एका महिन्याचे सव्वातीन महिने इथंच झाले.

सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचं वेळापत्रक जिथं हमखास चुकतं ती गोष्ट मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे भाषा. प्रश्नावली इंग्रजीत तयार होते. ओपीडीत बसलेल्यांत कुणी मराठी बोलतो, कुणी कन्नड. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रुग्णाला अभ्यासाची माहिती त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे आणि संमती त्यावरच घेतली पाहिजे. सही येत नसेल तर अंगठा आणि निःपक्षपाती साक्षीदार हवा. म्हणून एथिक्स कमिटी मराठी आणि कन्नड दोन्ही माहितीपत्रकं व संमतीपत्रं अर्जासोबतच मागते. ‘मंजुरी आली की भाषांतर करू’ हा क्रम उलटा आहे. भाषांतर नसेल तर अर्ज परत येतो आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीची वाट बघावी लागते.

भाषांतरही नुसतं करून चालत नाही. एकानं इंग्रजीतून मराठीत केलेलं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून बघायचे. फरक कुठं पडतो? पाय बधीर होणं आणि पायाला मुंग्या येणं यांची बोलताना सहज सरमिसळ होते. पण बधीर पायाला काटा रुतल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते. परतीच्या भाषांतरात ‘बधीर’च्या जागी ‘मुंग्या’ आल्या तर तो प्रश्न भलतंच मोजतोय, हे तिथंच कळतं. मराठी आणि कन्नड दोन्हीसाठी हे करायला दीड-दोन महिने लागतात.

मग कन्नड रुग्ण वगळले तर? करता येतं, पण मग विषयातच ‘मराठी भाषक रुग्ण’ असं लिहावं लागतं आणि निष्कर्ष पूर्ण ओपीडीला लावता येत नाहीत. वेळ वाचवायला गुपचूप वगळलं तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो. गोव्यात हीच अडचण कोकणीची, वडोदऱ्यात गुजरातीची, हैदराबादेत तेलुगू-उर्दूची.

हे सगळं धरून त्या विद्यार्थिनीनं पत्र परत लिहिलं. कॉलेजात ते इंग्रजीतून जातं, इथं मजकूर मराठीत दिला आहे.

आदरणीय मॅडम,

मी एम.एस्सी. नर्सिंग प्रथम वर्ष, मेडिकल-सर्जिकल शाखेची विद्यार्थिनी आहे. माझ्या डिझर्टेशनसाठी आपण गाईड व्हावं अशी विनंती आहे.

विषय : मधुमेह ओपीडीत येणाऱ्या प्रौढ रुग्णांची पायांच्या काळजीविषयीची माहिती व प्रत्यक्ष सवयी, वर्णनात्मक अभ्यास. नमुना 105 रुग्ण, मराठी व कन्नड भाषक. साधन म्हणजे प्रश्नावली आणि पाय तपासण्याची नोंदयादी.

वेळापत्रक असं ठरवलं आहे. जानेवारी ते मार्च वाचन आणि प्रश्नावलीचा खर्डा. एप्रिल-मे पाच तज्ज्ञांकडून तपासणी, दोन्ही भाषांत भाषांतर व परतीचं भाषांतर. 30 जूनपूर्वी प्रस्ताव. जुलै-ऑगस्ट एथिक्स कमिटी व हॉस्पिटलची परवानगी. सप्टेंबर परीक्षेसाठी मोकळा. ऑक्टोबरमध्ये 10 रुग्णांवर पायलट. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा माहिती गोळा करणे. मार्चअखेर विश्लेषण, एप्रिलमध्ये सर्व प्रकरणांचा खर्डा आपल्याकडे, मे महिन्यात दुरुस्त्या, जूनमध्ये बाइंडिंग करून सादर.

दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं मिळावीत आणि प्रत्येक खर्डा मी दहा दिवस आधी द्यावा, असं मनात आहे. कन्नड मला बोलता येते, पण लिहिता येत नाही, तिथं मदत लागेल.

आपल्याकडे या वर्षी जागा नसेल तर तसं कळवावं, म्हणजे गाईडची यादी जाण्यापूर्वी मला दुसरीकडे विचारता येईल.

आपली विद्यार्थिनी

या पत्रात तीन गोष्टी मुद्दाम बघाव्यात. वेळापत्रक जूनच्या तारखेपासून मागे मोजलेलं आहे, म्हणून खर्डा तपासायला मॅडमना पूर्ण महिना मिळतो. सप्टेंबर रिकामा सोडला आहे, कारण वार्षिक परीक्षेच्या दिवसांत काम होत नाही आणि तो महिना धरला तर वेळापत्रक कागदावरच राहतं. आणि स्वतःची उणीव, म्हणजे कन्नड लिहिता न येणं, आधीच सांगितली आहे. अनुभवी गाईड हेच शोधतात, कारण ती अडचण जानेवारीत कळली तर कन्नड जाणणाऱ्या को-गाईडचा विचार करता येतो. जूनमध्ये कळली तर इलाज उरत नाही. पायलटमधले 10 रुग्ण 105 मध्ये धरायचे नाहीत, हेही लक्षात असावं.

तरीही एक भाग हातात राहत नाही, तो म्हणजे एथिक्स कमिटीची तारीख. तिथं महिनाभर उशीर झाला आणि पायलट नोव्हेंबरवर गेली तर रुग्ण भेटणं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबतं. मग विश्लेषण आणि लेखन एकत्र ढकलावं लागतं, पण जूनची तारीख हुकत नाही. दोन महिने उशीर झाला तर मात्र नमुना कमी करायचा की दुसऱ्या ओपीडीतूनही रुग्ण घ्यायचे, हे गाईडबरोबर बसून ठरवावं लागतं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी बदल कमिटीला आधी लेखी कळवून मंजूर करून घ्यावा लागतो. नाहीतर गोळा केलेली माहिती वापरण्यावरच हरकत येऊ शकते.