बटणाच्या फोनमधला नंबर आयफोनमध्ये

साताऱ्यात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या एखाद्या बाईंचं उदाहरण घेऊ. घरचा नंबर आयफोनमध्ये, दुकानाचा एअरटेल नंबर जुन्या बटणाच्या फोनमध्ये. आयफोनमध्ये कार्डाची जागा एकच, म्हणून पर्समध्ये दोन फोन. इथे ई-सिम कामाला येतं. हे सिम फोनमध्येच बसवलेल्या चिपवर उतरवतात, त्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही. आयफोनमध्ये ही सोय २०१८च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे. कोणताही फोन असो, *#06# डायल केल्यावर EID नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर तो ई-सिम घेऊ शकतो.

बाईंनी दुकानाच्या नंबरावरूनच १२१ला मेसेज पाठवायचा: eSIM, मग एक जागा सोडून कंपनीकडे नोंदवलेला ईमेल पत्ता. उलट मेसेज आला की ६० सेकंदांत 1 असं उत्तर द्यायचं. त्यानंतर संमतीसाठी फोन येतो आणि मग ईमेलवर क्यूआर कोड. तो लॅपटॉपवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडला की स्कॅन करणं सोपं जातं. आयफोन वायफायला जोडून सेटिंग्जमधल्या मोबाइल सर्व्हिसमध्ये Add eSIM निवडायचं. नवी लाइन सुरू झाली की बटणाच्या फोनमधलं नेटवर्क जातं, आणि ते जायलाच हवं. मात्र आपण काहीही मागितलेलं नसताना नेटवर्क गेलं, तर कुणीतरी नंबर पळवत असू शकतो. अशा वेळी लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावं.

लोक अडकतात ते पुढे. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरावरचे एसएमएस २४ तास बंद राहतात. कॉल चालतात, पण ओटीपी येत नाही. त्या दिवशी कापडाच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायचे असतील, तर ते आधीच उरकून घ्यावेत. याच कारणासाठी बँकेला जोडलेला घरचा नंबर साध्या कार्डावर ठेवावा. फोनचा पडदा फुटला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम असं उचलून नेता येत नाही.

दोन वर्षांनी नवा आयफोन घेतला, की जुना विकण्याची घाई करू नये. आधी दोन्ही फोन शेजारी ठेवून ब्लूटूथ चालू करावं आणि नव्यात Transfer From Nearby iPhone दाबून पाहावं. कंपनीची सोय असेल तर जुन्या फोनवर होकार दिला की लाइन सरकते. तो पर्याय चालला नाही, तर पुन्हा मेसेज पाठवून नवा कोड मागवावा. वापरलेला क्यूआर कोड सहसा दुसऱ्यांदा चालत नाही, त्यामुळे जपून ठेवलेल्या फोटोच्या भरवशावर राहू नये. जुन्या फोनमधलं ई-सिम आधीच पुसलं, तर मेसेज पाठवायलाच नंबर उरत नाही आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावं लागतं. म्हणून नव्या फोनवरून एक कॉल लावून आणि एक घेऊन पाहावा, आणि त्यानंतरच जुना फोन पुसावा.