खिडकीच्या सांध्यातून येणारं पाणी

जुलैमध्ये पश्चिमेकडून झड लागली की ठाण्यात, वसईत, पनवेलला कितीतरी घरांत खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटतो. खिडकी घट्ट बंद असते, काच शाबूत असते, तरी आतल्या रंगाचे पोपडे सुटत राहतात. मग दर दिवाळीला तेवढी भिंत पुन्हा रंगवली जाते. खरं तर पाणी बहुधा अॅल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यातून आलेलं असतं. तो सांधा बंद ठेवण्याचं काम सिलिकॉनची बोटभरही रुंद नसलेली एक पट्टी करत असते.

ही पट्टी रबरासारखी लवचीक असावी लागते, याला कारण आहे. ऊन तापलं की अॅल्युमिनियम काँक्रीटच्या साधारण दुप्पट पसरतं. दीड मीटर लांबीच्या चौकटीचं तापमान तीस अंशांनी वाढलं तर तिची लांबी सुमारे एक मिलिमीटरने वाढते आणि रात्री ती पुन्हा आखडते. म्हणूनच फटीत भरलेला पांढरा सिमेंट एक उन्हाळाही नीट टिकत नाही. त्याला केसासारखी चीर पडते आणि झडीचं पाणी वाऱ्याच्या दाबाने तिथून आत ढकललं जातं. चांगलं सिलिकॉन ऊन-पाऊस वर्षानुवर्षं सोसतं. ते निकामी होतं ते बहुतेकदा पकड सुटल्यामुळे: धुळीवर मारलेलं असतं, पातळ मारलेलं असतं, किंवा जुन्या सिलिकॉनवरच नवीन चढवलेलं असतं.

ठाण्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या घरी असंच झालं होतं. पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी तिची स्लायडिंग खिडकी, तोंड पश्चिमेला. घर पहिल्या मजल्यावर असून खिडकीबाहेर पोडियम आहे, त्यामुळे बाहेरून जमिनीवर उभं राहून काम करता येतं. आलेला मिस्त्री म्हणाला, “ताई, जुन्यावरच एक हात मारून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.” तिने नको म्हटलं, ते योग्यच केलं. सुकून घट्ट झालेल्या सिलिकॉनला कुठलीच गोष्ट धड चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. वरून छान गुळगुळीत दिसतं आणि कडेला नख घातलं की अख्खी पट्टी हातात येते.

आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधायला हवं. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणारच, ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला छोटी भोकं ठेवलेली असतात. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतायचं. भोकांतून ते बाहेर वाहिलं तर ठीक. साचून राहिलं तर भोकं मातीने बुजली आहेत, ती काडीने मोकळी करायची. ही भोकं सिलिकॉनने बंद करणं म्हणजे पाण्याला घरात बोलावणं, आणि दुर्दैवाने ती बुजवलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहेत. ट्रॅक बाहेरून कोरडा असूनही आतलं पाणी हळूहळू कमी होत असेल, तर ते उभी आणि आडवी पट्टी मिळते त्या कोपऱ्यातून किंवा स्क्रूच्या भोकातून भिंतीत मुरतंय.

त्यानंतर बाहेरून पाइपने साधी धार सोडायची आणि आत एकाने टिश्यू पेपर घेऊन उभं राहायचं. सुरुवात खालच्या सांध्यापासून करायची आणि प्रत्येक बाजूला दहा मिनिटं तरी देऊन वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पोचतात आणि काहीच कळत नाही. बहिणीच्या खिडकीत पाणी खालून आलं नाही. डाव्या उभ्या सांध्याच्या खालच्या टोकाशी धार नेल्यावर आतला कागद ओला झाला. तिथे पट्टी जागची हलली नव्हती, फक्त ग्रॅनाइटपासून सुटली होती. बोटाने दाबल्यावर फट उघडायची आणि आत काळसर माती दिसायची.

या कामात मेहनत लागते ती जुनं काढायला. कटरने एक काप चौकटीला लागून आणि दुसरा दगडाला लागून द्यायचा, मग पट्टी टोकाला धरून सावकाश ओढायची. मोठे तुकडे असे निघतात. दगडावर राहिलेला चिकट थर पात्याने खरवडावा लागतो. अॅल्युमिनियमवर ओरखडे नकोत म्हणून तिथे प्लॅस्टिकचा तुकडा बरा. सगळं निघालं की नाही ते पाहायला ओला हात फिरवायचा: पाण्याचे थेंब वेगवेगळे उभे राहिले तर तिथे सिलिकॉनचा पापुद्रा अजून आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने सांधा पुसायचा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. आपोआप वाळू दिला तर मळ पुन्हा तिथेच बसतो.

आता ट्यूब कुठली घ्यायची? दुकानात नुसतं सिलिकॉन मागितलं की बहुधा व्हिनेगरसारख्या वासाचं मिळतं. ते काचेला उत्तम, पण सुकताना त्यातून आम्ल सुटतं, आणि प्लास्टर किंवा संगमरवराशी त्याचं जमत नाही. खिडकीच्या बाहेरच्या सांध्याला ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्यावं. सहा मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल पट्टी धरली तर या खिडकीच्या साडेपाच मीटर घेराला दोनशे मिलिलिटर लागतं, म्हणजे २८० मिलिलिटरची एक ट्यूब पुरते.

फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवायची. ट्यूब वाचते हा एक फायदा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिकॉन मागच्या बाजूला चिकटत नाही, फक्त दोन्ही कडांना धरतं आणि मधल्या मध्ये मोकळेपणाने ताणलं जातं. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावायची, ट्यूबचं तोंड तिरकं कापायचं आणि गन एका गतीने ओढत न्यायची. लगेच, वर साय धरण्याआधी, चमच्याच्या पाठीने पट्टी दाबून घ्यायची. या दाबण्यानेच सिलिकॉन कडांना नीट भिडतं. टेप ओलं असतानाच काढायची. कोपऱ्यातल्या फटींना आणि स्क्रूच्या डोक्यांवर ट्रॅकच्या आतून थोडं लावायचं, भोकं तेवढी सांभाळून.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे दमट हवेची भीती नाही. सांध्याचा दगड मात्र पूर्ण कोरडा लागतो. म्हणून एप्रिल-मेमधली सकाळ उत्तम, चौकट तापायच्या आत. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने ते आतपर्यंत सुकतं, तेव्हा पाइपची परीक्षा तीन दिवसांनी घ्यावी.

सांधा फक्त आतून भरू नये. पाणी मग घरात दिसत नाही, पण भिंतीत साठत राहतं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला बाहेरून काम करायचं तर दोर आणि पट्टा वापरणारा माणूस बोलवावा, कठड्यावरून वाकू नये. आणि बाहेरच्या ग्रॅनाइटचा उतारच आतल्या बाजूला असेल, तर आधी तो दगड पुन्हा बसवून घ्यावा लागेल. त्या खिडकीला सिलिकॉन पुरं पडणार नाही.