वझीराबादला अडलेला बाण

एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शेवटी शेवटी एक धडा होता, नैसर्गिक साधनसंपत्तीचा. अभ्यासक्रम हलका करताना तो गाळला गेला, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. त्यात आधी नायट्रोजनचक्राची आकृती यायची आणि मागोमाग कार्बनचक्राची. दिल्लीत राहायला आल्यापासून या दोन आकृत्यांचं मला वेड लागलं आहे, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक बाण इथे, पानिपत ते ओखला या पट्ट्यात, प्रत्यक्ष दाखवता येतो. एक बाण मात्र इथे अडतो. तो का अडतो हे समजून घ्यायचं, तर पुस्तकाने वेगवेगळ्या काढलेल्या या दोन आकृत्या एकमेकींवर ठेवून पाहाव्या लागतात.

पहिला बाण हवेतून जमिनीकडे येणारा, म्हणजे स्थिरीकरणाचा. डाळींच्या मुळांवरच्या गाठी आणि वीज या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून सरळ पानिपतला जाऊ. तिथे नॅशनल फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना आहे. अशा कारखान्यात हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन यांचा उच्च दाबाखाली अमोनिया होतो. हायड्रोजन काढताना वायूतल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो याच अमोनियाशी जोडून युरिया बनवतात. म्हणजे युरियाच्या एका रेणूत दोन्ही चक्रं हातात हात घालून बसलेली असतात. शेतात पडल्यावर मातीतलं युरिएज हे विकर काही दिवसांतच त्यांची फारकत करतं:

CO(NH₂)₂ + H₂O → 2NH₃ + CO₂

कार्बन हवेत परत गेला. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असलेला हा कार्बन एका पिकाच्या हंगामापुरताही मातीत थांबला नाही. अमोनियातला थोडा नायट्रोजन हवेत उडतो, उरलेल्याचं मातीत नायट्रेट होतं, त्यातला काही निचऱ्याबरोबर जातो आणि बाकीचा गव्हात शिरतो.

गहू दिल्लीत येतो. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा नायट्रोजन असतो, म्हणून दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं खाणारा माणूस साडेनऊ-दहा ग्रॅम नायट्रोजन खातो. वाढीचं वय संपलेल्या निरोगी माणसात जितका नायट्रोजन आत जातो, तितकाच बाहेर पडतो, आणि त्यातला बहुतेक लघवीतून, पुन्हा युरियाच्याच रूपात. पानिपतला कारखान्यात जो रेणू तयार झाला, तोच रेणू आता शरीराने तयार केला. गटारात त्याची पुन्हा फारकत होते. एक कोटी माणसांचा हिशेब धरला तर रोज सुमारे शंभर टन नायट्रोजन नाल्यांत उतरतो, जवळजवळ सगळा अमोनियाच्या रूपात. पुस्तकात याला अमोनीकरण म्हटलं आहे. या पायरीला ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे ती कुठेही, कितीही घाणीत, बिनबोभाट पार पडते.

पुढचा बाण अमोनियाकडून नायट्राइटकडे आणि तिथून नायट्रेटकडे जातो. हे नायट्रीकरण. माझं सगळं कुतूहल या एका बाणाभोवती घोटाळतं.

तो जिवंत आहे हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोएझिंग आणि म्युन्त्झ या दोघांनी दाखवलं, आणि तेही सांडपाण्यावरच. तोवर बहुतेक रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की सच्छिद्र मातीत अमोनिया हवेच्या संपर्काने आपोआप नायट्रेट होतो. या दोघांनी साधारण मीटरभर लांबीच्या काचेच्या नळीत तापवून निर्जंतुक केलेली वाळू आणि थोडी चुनखडीची भुकटी भरली आणि वरून रोज थोडं थोडं सांडपाणी सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. जितका अमोनिया वरून जात होता, तितकाच खाली येत होता. मग अचानक नायट्रेट दिसू लागलं, झपाट्याने वाढलं आणि अमोनिया नाहीसा झाला.

वाळू तीच आणि हवाही तीच, मग वीस दिवस वाट कशाची पाहिली जात होती? हे रासायनिक काम असतं तर पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. शंका मिटवायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि काही दिवसांत नायट्रेट बंद झालं. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी ते परतलं नाही. चांगल्या मातीचं थोडं धुवण नळीत ओतलं, तेव्हा कुठे पुन्हा सुरू झालं. वाळूत कुणीतरी राहत होतं, ते मेलं होतं, आणि नव्याने वसावं लागलं. इतके स्वच्छ प्रयोग मी फार थोडे वाचले आहेत.

हे राहणारे जीव कोण, ते शोधायला इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला रॉबर्ट वॉरिंग्टनने अनेक वर्षं घालवली. नायट्रीकरण दोन टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्याचे जीव वेगळे, इथवर तो पोचला, पण जीव काही त्याला वेगळे करता आले नाहीत. जिवाणू वाढवायची त्या काळची रीत म्हणजे जिलेटिनची थाळी, म्हणजेच भरपूर सेंद्रिय अन्न. १८९० मध्ये झुरिकला सर्गेई विनोग्राद्स्कीने नेमकं तेच काढून टाकलं. सेंद्रिय पदार्थ अजिबात नसलेल्या क्षारांच्या पाण्यात त्याने हे जीव वाढवले आणि दाखवून दिलं की ते आपलं शरीर कार्बन डायऑक्साइडपासून घडवतात, झाडासारखंच, फक्त सूर्याऐवजी अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर. कार्बनचक्राच्या आकृतीत हवेतून सजीवांकडे जाणारा बाण फक्त हिरव्या पानाशी काढतात. तो या काळोखातल्या जिवाणूंशीही काढायला हवा.

असं जगणं फार काटकसरीचं असतं. अमोनिया जाळून मिळणारी ऊर्जा थोडी, आणि तिच्यातली बरीच कार्बन पकडण्यातच खर्च होते. म्हणून हे जीव सावकाश वाढतात, थंडीत आणखी सावकाश, आणि ऑक्सिजन कमी पडला की त्यांचं काम सर्वांत आधी थांबतं. यमुनेचं सगळं दुखणं इथे आहे.

वझीराबादच्या बंधाऱ्यामागे दिल्लीचं पिण्याचं पाणी साठवतात. दर हिवाळ्यात बातमी येते की यमुनेत अमोनिया वाढला, अमुक भागांत पाणी कमी दाबाने येईल. हा अमोनिया दिल्लीच्या आधी, पानिपत-सोनिपतकडच्या गटारांतून आणि औद्योगिक नाल्यांतून येतो. डिसेंबर-जानेवारीत नदीत पाणी कमी, म्हणून तो पातळ होत नाही, आणि गारठ्यामुळे नायट्रीकरण करणारे जीव मंदावलेले असतात. वाटेत जो अमोनिया नायट्रेट व्हायला हवा होता, तो तसाच वझीराबादला पोचतो.

पिण्याच्या पाण्यात अमोनियाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. कच्च्या पाण्यात तो एकाच्या आसपास गेला की जलशुद्धीकरण केंद्रांची अडचण सुरू होते, कारण तिथे अमोनियाचा मुकाबला क्लोरीनला करावा लागतो. थोडं क्लोरीन घातलं तर ते अमोनियाशी जुळून क्लोरामाइन बनतं, आणि ते जंतू मारण्यात कमजोर. आणखी घातलं तर गंमत अशी होते की पाण्यात उरलेलं क्लोरीन वाढण्याऐवजी घटू लागतं, कारण आता क्लोरामाइनच मोडत असतात. हा खळगा ओलांडला की मगच मोकळं क्लोरीन हाती लागतं. त्या बिंदूपर्यंतचा हिशेब असा:

2NH₃ + 3Cl₂ → N₂ + 6HCl

म्हणजे एक भाग नायट्रोजनला ७.६ भाग क्लोरीन. लिटरमागे एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असलेल्या एक कोटी लिटर पाण्यात दहा किलो नायट्रोजन असतो, आणि त्याला किमान ७६ किलो क्लोरीन लागतं. प्रत्यक्षात जास्तच, शिवाय पाण्यात सेंद्रिय घाण असेल तर क्लोरीनपासून नको असलेली संयुगं तयार होतात ती वेगळीच. म्हणून अमोनिया दोन-तीनवर गेला की उत्पादन कमी करणं हाच मार्ग उरतो. उजवीकडचा N₂ पाहा. अमोनियाला थेट हवेतला नायट्रोजन करणारा हा बाण पुस्तकाच्या आकृतीत नाही. नदीने जे काम फुकट करायचं ते इथे आपण क्लोरीनचे सिलिंडर रिकामे करून करतो.

बंधाऱ्याच्या खाली लगेच नजफगढ नाला मिळतो, आणि तिथून ओखल्यापर्यंतच्या बावीस किलोमीटरमध्ये दुसरी आकृतीही मोडते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. पंधरा अंशांच्या अगदी स्वच्छ पाण्यात लिटरमागे फार तर दहा मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दोन मिलिग्रॅम अमोनियाने तो संपला, आणि सांडपाण्यात अमोनिया असतो वीस-तीस मिलिग्रॅम. त्याहून वाईट म्हणजे त्याच पाण्यात सेंद्रिय कार्बनही भरपूर असतो. कार्बन खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि ऑक्सिजन आधी तेच संपवतात. नायट्रीकरण करणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नाही. मग अमोनिया अमोनियाच राहतो. नायट्रेट तयारच न झाल्याने नायट्रेटकडून हवेकडे जाणारा विनायट्रीकरणाचा शेवटचा बाणही रिकामा राहतो. तळच्या गाळात कार्बनची वाटही बदलते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला मिथेन सुटू लागतो. दिल्लीतल्या यमुनेत दोन्ही चक्रं एकाच ऑक्सिजनच्या शिलकीवर चालतात, आणि ती शिल्लक शून्य आहे.

यात मला सर्वांत खटकतं ते आपलं मोजमाप. नदीच्या घाणीचा सर्वांत जास्त उच्चारला जाणारा आकडा म्हणजे बीओडी, जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. भारतात ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालवतात. ताज्या सांडपाण्यात नायट्रीकरण करणारे जीव इतके थोडे असतात की या मुदतीत ते क्वचितच जोर धरतात. श्लोएझिंगच्या नळीतले वीस दिवस आठवा. म्हणजे बाटलीत मुख्यतः कार्बनचा ऑक्सिजन मोजला जातो आणि नायट्रोजनचा हिशेबाबाहेर राहतो. एखाद्या केंद्राचं पाणी बीओडीच्या कसोटीला उतरलं तरी त्यात वीस मिलिग्रॅम अमोनिया असू शकतो, आणि नदीकडून तो नव्वद मिलिग्रॅम ऑक्सिजन मागतो. म्हणून अहवाल वाचताना बीओडीशेजारी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट हे तीन आकडे शोधावेत. अमोनियाच जास्त असेल तर घाण ताजी आहे किंवा पाण्याला हवा मिळालेली नाही. नायट्रेट जास्त असेल तर बाण पुढे सरकला आहे.

चांगलं सांडपाणी केंद्र याच दोन आकृत्या एकावर एक ठेवून बांधलेलं असतं. मागच्या टाकीत भरपूर हवा फुंकून अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेटयुक्त पाणी पंपाने पुन्हा पुढच्या, हवा बंद असलेल्या टाकीत आणतात, जिथे कच्चं सांडपाणी येत असतं. तिथल्या जिवाणूंना खायला कार्बन मिळतो, पण ऑक्सिजन नसतो, म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन हवेत सोडतात. एका चक्राची घाण दुसऱ्या चक्राच्या कामी येते, आणि हवा फुंकण्याची वीजही थोडी वाचते. सगळी कसरत असते ती गाळाचं वय सांभाळण्यात. सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना पुरेसे दिवस टाकीत ठेवलं नाही तर ते वाढण्याआधीच बाहेर वाहून जातात. थंडीत हे दिवस वाढवावे लागतात, म्हणजे गाळ कमी काढायचा. आणि शेवटच्या निवळण टाकीत, जिथे सगळं शांत बसायला हवं, तिथे तळचा गाळ बारीक बुडबुड्यांसह ढेकळाढेकळाने वर येऊ लागला, तर ओळखावं की नायट्रेट वेळेत मागे फिरवलेलं नाही आणि विनायट्रीकरण चुकीच्या टाकीत सुरू झालं आहे.