राउटरची जागा: हॉल सोडून पॅसेजमध्ये

आमच्या टू बीएचकेत फायबरची तार हॉलच्या खिडकीतून आत येते. जोडणी करायला आलेल्या मुलाने राउटर तिथेच टीव्हीखालच्या खणात ठेवला, आणि दोन वर्षं तो तिथून हलला नाही. मागच्या बेडरूममध्ये मुलगी दार लावून बसली की तिचा व्हिडिओ कॉल अडकायचा.

शेवटी घराचा नकाशा कागदावर काढला आणि राउटरपासून तिच्या टेबलापर्यंत सरळ रेघ ओढली. रेघ टीव्ही, फ्रिज आणि बाथरूमची टाइल्सची भिंत भेदून जात होती. धातू वाय-फायच्या लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं, आणि सळ्यांचा काँक्रीट कॉलम विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त अडवतो. त्यात रेघ तिरकी असली की सहा इंची भिंतही लहरींना जास्त जाड पडते.

मग मोजमाप. अँड्रॉइडवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारी मोफत ॲप मिळतात. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस, आणि दहाने घसरला की ताकद एक दशांश उरते. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास हवा. मुलीच्या टेबलावर उणे ७९ होता. मोजताना फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवावा, कारण भिंतींत तोच आधी दमतो. खोलीचं दार नेहमीसारखं लावून घ्यावं आणि आकडा हलत राहतो म्हणून अर्धं मिनिट थांबावं.

भिंतीला भोक पाडण्याआधी तात्पुरती मांडणी करून पाहिली. फायबरला हात लावला नाही. ती तार तीव्र वाकली तर आत प्रकाश गळतो. फायबरचा डबा होता तिथेच राहिला, त्याच्यापासून लांब लॅन केबल ओढली आणि राउटर शिडीवर ठेवला. डायनिंगजवळ ठेवला तेव्हा टेबलावर उणे ७२ मिळाले. पॅसेजच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीइतक्या उंचीवर, उणे ६३. तिथून टेबलापर्यंत वाटेत फक्त एक विटांची भिंत आणि लाकडी दार येतं. हॉलमधला आकडा उणे ३८ वरून उणे ५१ वर गेला, पण तिथे त्याने काहीच बिघडत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे: हॉलमध्ये जास्तीचा सिग्नल वाया जात होता, तो मागे वळवता आला.

आता तिथे छोटी फळी ठोकली आहे आणि केबल स्कर्टिंगच्या कडेने पट्टीत घातली आहे. अँटेना उभ्याच ठेवल्या आहेत, कारण लहरी काडीच्या टोकाकडून नव्हे तर तिच्या चहूबाजूंनी आडव्या पसरतात. ज्यांच्याकडे फायबरचा डबा आणि राउटर एकच आहे, त्यांनी त्याच्या लॅन पोर्टमधून केबल ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर पॅसेजमध्ये लावावा. कॉलमच्या आडोशाला असलेल्या ड्राय बाल्कनीत आमच्याकडे अजून उणे ७८ च येतात. तिथे फक्त वॉशिंग मशीन आहे, म्हणून तो कोपरा तसाच सोडला.