विश्लेषण : फोटोतल्या सुट्या केसांची वेणी घालताना नेमकं कुठे चुकतं?

आजी गेल्यावर फ्रेमसाठी फोटो शोधायला घेतला, तर एकच बरा फोटो सापडतो. तोही न्हाऊन केस वाळवत बसलेली असतानाचा, केस मोकळे असलेला. जन्मभर वेणी घातलेल्या बाईंचा असा फोटो भिंतीवर नको, असं घरच्यांना वाटतं. मग अहिल्यानगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या एखाद्या स्टुडिओत संगणकावर आजीची वेणी घालायचं काम येतं. दुसऱ्या फोटोतली वेणी कापून चिकटवली, तर ते चटकन उरकतं. पण फ्रेम घरी गेल्यावर 'ही आपली आजी वाटत नाही' असं कुणीतरी म्हणतं. चूक बहुतेक वेळा वेणीत नसते, डोक्यावरच्या केसांत असते.

आधी डोकं, मग वेणी

मोकळे केस भांगापासून निघून कानावरून सरळ खाली पडतात. वेणी घातली की तेच केस डोक्याच्या गोलाईवरून मागे वळतात आणि मानेपाशी एका ठिकाणी जमतात. खाली वेणी चिकटवली आणि वरचे केस तसेच पडते ठेवले, तर वेणी कुठून आली हे कळतच नाही. म्हणून सर्वांत आधी वेगळ्या लेअरवर भांगापासून बांधण्याच्या जागेपर्यंत आठ-दहा वक्र रेषा काढायच्या. त्यानंतर फोटोतलेच केस Liquify किंवा Puppet Warp वापरून त्या रेषांवर हळूहळू वळवायचे. ब्रशने नवे केस रंगवण्यापेक्षा हे चांगलं, कारण मूळ प्रकाश आणि फोटोचा दाणा तसाच राहतो.

चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एकाच फोटोवरून केसांची त्रिमितीय रचना उभी करण्याची पद्धत मांडली. तिलाही माणसाने काढलेल्या अशाच काही रेषा लागत. केस कोणत्या कोनात आहे हे संगणकाला दिसतं. त्याचं मूळ कोणतं आणि टोक कोणतं, हे मात्र सांगावं लागतं.

एक केस किती जाड?

समजा, फोटोत कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा ६०० पिक्सेल आहे आणि प्रत्यक्षात तो साधारण १८ सेंटीमीटर आहे. म्हणजे एक पिक्सेल ०.३ मिलिमीटरचा झाला. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे पाव पिक्सेल. अशा फोटोत सुटा केस स्पष्ट दिसूच शकत नाही, दिसतात त्या बटा. तीन-चार पिक्सेलच्या ब्रशने 'केस' काढला, तर तो मिलिमीटरभर जाडीची तार होतो आणि वेणी लोकरीची वाटू लागते. मानेवरचे चुकार केस हवेच असतील, तर एक पिक्सेलचा ब्रश घ्यावा आणि त्याची अपारदर्शकता २५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. अडीच सेंटीमीटर रुंद वेणी या फोटोत साधारण ८० पिक्सेलची होईल.

पेड कसे बसवायचे?

समोरून काढलेल्या फोटोत पाठीवरची वेणी दिसणार नाही, म्हणून ती खांद्यावरून पुढे घ्यावी लागते. तीन पेडांच्या वेणीत प्रत्येक पेड बाहेरच्या कडेने येतो, तिरपा खाली मध्याकडे जातो आणि दुसऱ्याखाली दडतो. डावा आणि उजवा पेड समोरासमोर येत नाहीत, एकाआड एक येतात. इथेच अनेकांची गफलत होते. डावी बाजू करून ती आरशासारखी उलटवली की पेड समोरासमोर येतात आणि वेणी गव्हाच्या ओंबीच्या चित्रासारखी दिसते. शिवाय चमकही उलटते. उजेड डावीकडून असताना अर्धी वेणी उजवीकडून उजळलेली दिसते. पेडातले केस वेणीच्या लांबीने जात नाहीत, त्या पेडाच्या तिरप्या दिशेने जातात. पेड फुगतो तिथे चमक आडवी पडते आणि तो दडतो तिथे काळोख हवा.

पेडासाठी बट त्याच फोटोतून घ्यावी, पण कुठून घेतली याला महत्त्व आहे. मेंदी लावणाऱ्या आजीचे केस मुळाशी पांढरे आणि टोकाला तांबूस असतात. मुळाजवळची बट वेणीच्या शेवटी लावली, की घरातल्या बायकांच्या ते लगेच लक्षात येतं. वेणी मोकळ्या केसांपेक्षा आखूडच ठेवावी, कारण विणण्यात लांबी खर्च होते. शेवटी पदरावर तिची मऊ सावली द्यावी.

अंबाडा त्या मानाने सोपा. समोरून त्याची फक्त कड दिसते, पण तिच्याकडे जाणारे केस ताणलेले हवेत. पोनीचंही तसंच.

काम जमलं की नाही?

फोटो आडवा उलटवून लहान करून पाहावा. मग वेणीच्या वरच्या टोकापासून एखादी बट नजरेने मागे भांगापर्यंत न्यावी. वाटेत ती तुटली किंवा दुसऱ्याच दिशेला गेली, तर Liquify पुन्हा उघडावं लागेल. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या धूसर फोटोत वेणी चेहऱ्यापेक्षा ठळक करू नये.

सुट्या केसांखाली झाकलेला कान मात्र फोटोत नसतोच. तो दाखवायचा तर त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो मागवावा. तो मिळत नसेल, तर केस कानावरूनच मागे न्यावेत.