वालाच्या मुळांवरील गांठी आणि पाकिटांतील जंतु



पनवेल तालुक्यांत, तळोज्याच्या कारखान्यांपलीकडे जीं भातखाचरें उरलीं आहेत, त्या भागांत भाताची कापणी झाल्यावर जमिनींत राहिलेल्या ओलीवर वाल पेरण्याची चाल जुनी आहे. थंडीच्या दिवसांत पोपटीच्या मडक्यांत ज्या शेंगा जातात, त्या याच पिकाच्या. या वालाच्या बियाण्यास चोळण्यासाठीं आतां बाजारांत जंतूंचीं पाकिटें मिळतात. तीं काय करतात व काय करूं शकत नाहींत, याचा आज विचार करूं.

हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नत्राचा आहे. परंतु त्याचे अणु जोडीजोडीनें इतके घट्ट जखडलेले असतात कीं, कोणत्याहि पिकास तो थेट घेतां येत नाहीं. द्विदल पिकें तो मुळांवरील गांठींच्या साहाय्यानें मिळवितात, हें हेल्रीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ सालीं दाखविलें. पुढें १८८८ सालीं हॉलंडांत बायरिंक यांनीं गांठींतील जंतु वेगळा काढून वाढविला. या जातीच्या जंतूंस ऱ्हायझोबियम म्हणतात.

वालाचें मूळ मातींत कांहीं द्रव्यें सोडतें. तीं ओळखून जंतु जवळ येतात, मुळावरील केसाचें टोंक वळतें आणि त्या वळणांतून ते आंत शिरतात. तेथें गांठ धरते. झाड जंतूंस साखर देतें व जंतु झाडास नत्र देतात. मात्र नत्राची जोडी फोडणारें जंतूंचें विकर प्राणवायूनें निकामी होतें, आणि श्वसनासाठीं तर त्याच जंतूंस प्राणवायु हवा. ही अडचण गांठींतील एक तांबडें द्रव्य दूर करतें. तें आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याचेंच नातलग असून प्राणवायु बेताबेतानें पुरवितें. म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड हळूच खणून गांठ नखानें फोडून पाहावी. आंत गुलाबी वा तांबडी दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर गांठी कितीहि असल्या तरी त्यांचा उपयोग नाहीं.

आतां पाकिटाचा हिशेब पाहूं. साधारणतः २५० ग्रॅमचें पाकीट १० किलो बियाण्यास सांगतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणें भुकटीच्या एका ग्रॅमांत निदान ५ कोटी जिवंत जंतु हवेत. म्हणजे पाकिटांत १,२५० कोटी झाले. वालाच्या हजार दाण्यांचें वजन पाव किलो धरलें तर १० किलोंत ४०,००० दाणे येतात. एका दाण्याच्या वांट्यास सुमारे तीन लाख जंतु आले. हें पुरेसें आहे. पण तेंच पाकीट दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखालीं पडून राहिलें आणि हजारांतला एकच जंतु जगला, तर दाण्यामागें तीनशेंच उरतात. भुकटी मात्र पूर्वीसारखीच काळी दिसते; मेलेले जंतु डोळ्यांनीं ओळखतां येत नाहींत.

जंतु जिवंत असले तरीहि एक प्रश्न उरतोच. वालास चालणारे जंतु चवळीवर्गांतले असून ते आपल्या जमिनींत बहुधा आधींच भरपूर असतात. मुळाशीं त्यांची वस्ती असतांना पाकिटांतल्या पाहुण्यास जागा मिळणें कठीण जातें. सोयाबीनची गोष्ट निराळी होती. तें पीक महाराष्ट्रांत नवें आलें तेव्हां त्याचा जंतु येथील मातींत जवळजवळ नव्हताच, म्हणून तेथें पाकिटाचा गुण ठळक दिसला. एका पिकाचा अनुभव दुसऱ्यास जसाच्या तसा लावतां येत नाहीं.

स्फुरद विरघळविणाऱ्या जंतूंविषयीं तर अधिकच सावध राहावें. पिकोव्हस्काया या रशियन बाईंनीं १९४८ सालीं त्यांची परीक्षा सांगितली. बशींत चुन्याशीं बांधलेलें स्फुरद घालून जंतु वाढविला, म्हणजे तो सोडीत असलेल्या आम्लांमुळें त्याच्याभोंवतीं स्वच्छ कडें उमटतें. बशींत साखर मुबलक असते. शेतांत ती नसते. शिवाय कोंकणच्या जांभ्या मातींत स्फुरद चुन्याशीं नव्हे, तर लोह व ॲल्युमिनियम यांच्याशीं जखडलेलें असतें. तें सोडविणें फार अवघड असून सुटलेलें पुन्हां तेथेंच अडकतें. आणि जमिनींत जें स्फुरद मुळांतच नाहीं, तें कोणताहि जंतु निर्माण करीत नाहीं. नत्र हवेंतून येतो. स्फुरदास तसा सांठा हवेंत नाहीं.

तेव्हां खरेंखोटें ठरविण्याचा मार्ग एकच. खाचरांत तीन-चार ठिकाणीं जोडपट्टे आंखावे. प्रत्येक जोडींत एक पट्टा पाकिटाचा, दुसरा बिनपाकिटाचा ठेवावा. बिनपाकिटाचें बियाणें आधीं पेरावें, नाहींतर हातांबरोबर जंतु तिकडेहि जातात. पीक निघाल्यावर दोहोंचें वजन निरनिराळें करावें. प्रत्येक जोडींत फरक एकाच बाजूस पडला, तरच पाकिटाचे पैसे पुढील सालीं खर्चावे.