खांदा निखळला की हासळी मोडली?

पावसात दुचाकी घसरली आणि पंचविशीतला एक तरुण खांद्यावर आपटला, असं समजू. दुखरा हात दुसऱ्या हातानं सावरत तो दवाखान्यात येतो. खांदा निखळला असेल किंवा हासळी म्हणजे कॉलरबोन मोडली असेल, पण बसण्याची ही तऱ्हा दोन्हींत सारखीच असते. उपचार मात्र अगदी वेगळे. निखळलेला सांधा लवकर बसवावा लागतो. हासळी बहुतेक वेळा हात गळ्यात बांधून ठेवला की काही आठवड्यांत जुळते. तुकडे फार लांब गेले किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलं, तर शस्त्रक्रिया लागते.

शर्ट काढला की बरंच कळतं. खांदा निखळला असेल तर त्याची गोलाई जाते आणि बाजूला कोपरा निघाल्यासारखा दिसतो. हासळी मोडली असेल तर खांदा गोलच राहतो. कातडीखाली, बहुधा हाडाच्या मध्यावर, उंचवटा येतो. मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताच्या वजनानं बाहेरचा खाली जातो, म्हणून हा उंचवटा.

एक्स-रेमध्ये आधी दंडाच्या हाडाचं गोल डोकं शोधावं. ते फऱ्याच्या उथळ वाटीसमोर असायला हवं. बहुतेक निखळलेल्या खांद्यांत ते पुढे सरकून वाटीच्या खाली, आतल्या बाजूला दिसतं. मग हासळीची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी तपासावी. ती कुठे तुटते का, पायरी पडते का, हे पाहावं.

फसगत होते ती खांदा मागच्या बाजूला निखळल्यावर. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर हे विशेष घडतं. समोरून काढलेल्या फोटोत डोकं जवळजवळ जागेवरच दिसतं, फक्त जरा जास्त गोल, विजेच्या बल्बसारखं. रुग्णाला हात बाहेर फिरवताच येत नाही, हीच खरी खूण. म्हणून एका फोटोवर कधीच समाधान मानू नये. काखेच्या दिशेनं किंवा फऱ्याच्या कडेनं घेतलेला दुसरा फोटो हवाच.

सांधा ‘बसवून देणाऱ्या’ माणसाकडे आधी जाणं धोक्याचं आहे, ते याचसाठी. दंडाचं हाड मानेजवळ मोडलं असेल आणि ते न पाहता हात ओढला, तर तुकडे आणखी सरकतात. शिवाय खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, बाहीची शिवण येते तिथे, स्पर्श कळतो का हे बसवण्याआधी आणि नंतरही तपासायला हवं. तिथली बधिरता म्हणजे नस दुखावल्याची शंका. सांधा बसल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात. डोकं खरंच वाटीत आलं का आणि आधी झाकलेला एखादा तुकडा आता दिसतो का, हे त्यातच कळतं.